महिन्याची औषधे एकत्र घेताना मेडिकलवाल्याकडे सवलत मागण्याचे पत्र: यादीपासून पहिल्या बिलापर्यंत

गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सवलतीसाठी लिहिलेली बरीच पत्रे गल्ल्याखालच्या खणात पडून राहतात. त्यात वय लिहिलेले असते, पेन्शन पुरत नाही हे लिहिलेले असते, दुसरीकडे वीस टक्के मिळतात हेही असते. पण दर महिन्याला कोणती औषधे, किती स्ट्रिप आणि कोणत्या तारखेला घेणार, हे कुठेच नसते. दुकानदाराला हिशोब करता येत नाही, म्हणून तो ‘बघू आजोबा’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. खासगी औषध दुकानाने ज्येष्ठ नागरिकाला सूट दिलीच पाहिजे, असा कायदा नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याहून कमी घ्यायचे की नाही, हे दुकानदार ठरवतो. त्यामुळे हे पत्र हक्काचा अर्ज म्हणून न लिहिता व्यवहाराचा प्रस्ताव म्हणून लिहायचे आहे.

खाली जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका जोडप्याचे उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. त्यातल्या किमती हिशोब समजण्यासाठी धरलेल्या आहेत. तुमच्या ब्रँडच्या किमती तुमच्या बिलावरूनच घ्या.

१. बिले, रिकाम्या स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र काढा

गेल्या तीन महिन्यांची बिले, सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणि डॉक्टरांची सगळ्यात अलीकडची चिठ्ठी टेबलावर मांडा. फार जुनी बिले बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीच्या बिलाशी आजची किंमत ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आता प्रत्येक स्ट्रिपवरचे नाव चिठ्ठीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. ब्रँडच्या नावापुढची शेपटी विशेष बघा. बीपीच्या टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर त्यात अम्लोडिपिन मिसळलेले असते, ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारे औषध असते. मेटफॉर्मिनपुढे ‘एसआर’ असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते आणि साधी गोळी तिच्या जागी चालत नाही. यादीत शेपटी राहून गेली, तर महिनाभराचे चुकीचे औषध एकदम घरात येते. एकत्र खरेदीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

स्ट्रिप कापण्याचीही एक सवय लावून घ्या. मुदत आणि बॅच नंबर छापलेला असतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून गोळ्या काढत जा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत नाव आणि तारीख हातात राहते.

तपासणी: चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर पत्र थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवून या. पत्र दिल्यावर लगेच औषधे बदलली, तर दुकानदाराने तुमच्यासाठी मागवून ठेवलेला माल अडकतो आणि पुढचे बोलणे अवघड होते.

२. यादी करा: गोळ्यांत नव्हे, स्ट्रिपमध्ये

पत्रापेक्षा या यादीला जास्त वेळ द्या. दुकानदार पत्रावर नजर फिरवतो, यादी मात्र नीट वाचतो.

प्रत्येक औषधासाठी पाच गोष्टी लिहा: ब्रँडचे पूर्ण नाव, पॉवर म्हणजे किती मिलिग्रॅम, रोज किती गोळ्या, एका स्ट्रिपमध्ये किती गोळ्या आणि महिन्याला किती स्ट्रिप. ‘तीस गोळ्या’ एवढेच लिहिले तर दुकानदाराला स्ट्रिप कापावी लागेल, असा अर्थ निघतो. कापलेली स्ट्रिप विकायला त्रास होतो आणि उरलेले तुकडे मुदत संपेपर्यंत पडून राहतात. पूर्ण स्ट्रिप घेणारे गिऱ्हाईक त्याला हवेच असते, म्हणून ही गोष्ट यादीतच दिसू द्या.

आपल्या उदाहरणातल्या आजोबांची महिन्याची यादी अशी होईल. ब्रँडऐवजी इथे औषधाचे मूळ नाव दिले आहे.

- टेल्मिसार्टन ४०, रोज १, स्ट्रिप १५ गोळ्यांची: २ स्ट्रिप, २१० रुपये
- मेटफॉर्मिन एसआर ५००, रोज २, स्ट्रिप १५ गोळ्यांची: ४ स्ट्रिप, १२० रुपये
- ग्लिमेपिराइड १, रोज १, स्ट्रिप १० गोळ्यांची: ३ स्ट्रिप, १२० रुपये
- ॲटोरव्हास्टॅटिन १०, रात्री १, स्ट्रिप १० गोळ्यांची: ३ स्ट्रिप, १८० रुपये
- ॲस्पिरिन ७५, रोज १, स्ट्रिप १४ गोळ्यांची: २ स्ट्रिप, १० रुपये
- कॅल्शियम आणि डी३, रोज १, स्ट्रिप १५ गोळ्यांची: २ स्ट्रिप, २६० रुपये
- बी-१२ असलेली मिश्र कॅप्सूल, रोज १, स्ट्रिप १० कॅप्सूलची: ३ स्ट्रिप, ३०० रुपये

बेरीज १२०० रुपये. आजींच्या औषधांचे असेच ६०० धरू. दोघांचे मिळून १८०० रुपये.

ॲस्पिरिनकडे नीट बघा. चौदाच्या दोन स्ट्रिप म्हणजे अठ्ठावीस गोळ्या, म्हणजे महिनाअखेरीस दोन दिवस गोळी नाही. हृदयासाठी दिलेली गोळी असे दोन दिवस चुकवणे बरोबर नाही. उपाय सोपा आहे. पहिल्या महिन्यात तीन स्ट्रिप घ्या आणि पुढचे सहा महिने दोन-दोन. सात महिन्यांच्या २१० दिवसांना पंधरा स्ट्रिप बरोबर पुरतात. आठव्या महिन्यात पुन्हा तीन. चौदाच्या स्ट्रिपमध्ये येणाऱ्या प्रत्येक औषधाला हाच हिशोब लावा आणि यादीत त्या औषधासमोर ‘पहिल्या महिन्यात ३’ असे लिहा. ३१ दिवसांच्या महिन्यांसाठी प्रत्येक औषधाची एक स्ट्रिप घरात जास्त असलेली बरी.

थायरॉइडची गोळी बऱ्याचदा शंभरच्या बाटलीत मिळते. ती दर महिन्याच्या यादीत न घालता ‘दर तीन महिन्यांनी १ बाटली’ अशी वेगळी ओळ करा. साखर तपासायच्या पट्ट्यांचेही तसेच.

काही औषधे या यादीतून पूर्ण बाहेर ठेवा. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, अनुसूची ‘एच१’ मध्ये येतात. त्यांची विक्री दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. अशी औषधे दरवेळी चिठ्ठी दाखवूनच घ्यावीत. सवलतीच्या पत्रात ती आली तर दुकानदार सावध होतो आणि सगळ्या यादीबद्दलच हात आखडता घेतो.

सावधान: सवलत वाढावी म्हणून तीन महिन्यांचा माल एकदम घेण्याचे कबूल करू नका. बऱ्याच स्ट्रिपवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीतले कपाट त्याहून तापते. इथे एका महिन्याचा साठा हीच योग्य मर्यादा आहे.

३. किती टक्के मागायचे ते गणित करून ठरवा

बहुतेक पत्रे इथेच फसतात. आकडा एक तर लिहिलेलाच नसतो, नाहीतर वीस टक्के असतो.

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणे ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवते, त्यांत किरकोळ दुकानदाराचा नफा त्याच्या खरेदी दरावर १६ टक्के धरलेला आहे. जीएसटी वजा करून पाहिले तर छापील शंभर रुपयांमागे त्याच्या हातात साधारण तेरा रुपये येतात. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ॲटोरव्हास्टॅटिन ही एकेरी औषधे या नियंत्रणाखाली आहेत. कॅल्शियमच्या किंवा जीवनसत्त्वांच्या मिश्र गोळ्या सहसा नियंत्रणाबाहेर असतात. तिथे दुकानदाराला वीस टक्क्यांच्या आसपास सुटतात.

आता आजोबांची यादी घ्या. पहिली पाच औषधे ६४० रुपयांची, म्हणजे त्यांवर दुकानदाराला सुमारे ८३ रुपये. उरलेल्या दोन औषधांचे ५६० रुपये, त्यांवर सुमारे शंभर. बाराशेच्या बिलात त्याचे एकूण १८० रुपये सुटतात. दोघांच्या १८०० च्या बिलात सुमारे २७०. यातूनच दुकानभाडे, लाईट बिल आणि फार्मासिस्टचा पगार जातो.

वीस टक्के मागितले तर १८०० वर ३६० रुपये होतात. म्हणजे दुकानदाराने खिशातून नव्वद रुपये घालावेत असे आपण सांगत असतो. आठ टक्के मागितले तर १४४ रुपये होतात. नफ्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग, पण दर महिन्याचे खात्रीचे बिल मिळत असेल तर देण्याजोगा. तुमच्या बाजूने वर्षाला १७२८ रुपये वाचतात.

म्हणून बीपी-शुगरची एकेरी औषधे जास्त असतील तर सहा ते आठ टक्के मागा. मिश्र गोळ्या आणि जीवनसत्त्वे जास्त असतील तर दहापर्यंत जायला हरकत नाही. पत्रात एकच आकडा लिहा. ‘५ ते १०’ असे लिहिले की उत्तर पाचच येते.

मोबाईलवरच्या ॲपमधली किंवा मोठ्या साखळी दुकानातली सूट पत्रात आणू नका. त्यांची घाऊक खरेदी वेगळी आणि कमीत कमी बिलाच्या अटीही वेगळ्या. जनऔषधी केंद्राचा उल्लेखही टाळा. तिथला माल मुळातच वेगळ्या किमतीचा असतो, त्याच्याशी ब्रँडची तुलना केली की बोलणे भलतीकडे जाते. डॉक्टरांनी मूळ नावाने लिहून दिले असेल तर जनऔषधीतून घेणे हा तुमचा स्वतंत्र पर्याय आहेच. पण तो धमकी म्हणून वापरायचा नाही.

तपासणी: उधारी चालू आहे का? असेल तर आधी ती चुकती करा. उधारी आणि सवलत दोन्ही एका पत्रात मागितली तर दोन्ही नाकारली जाते, कारण दुकानदाराला स्टॉकिस्टचे, म्हणजे घाऊक पुरवठादाराचे, पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात.

४. पत्र लिहा

एका पानाच्या वर जाऊ नका. यादी वेगळ्या कागदावर द्या. ओळखीच्या दुकानदाराला ज्येष्ठ व्यक्ती लिहीत असल्याने ‘स. न. वि. वि.’ हा मायना शोभतो. सरकारी अर्जासारखे ‘महोदय, मी खाली सही करणार’ नको.

नमुना असा:

दिनांक: (तारीख)

प्रति,
मा. मालक,
(दुकानाचे नाव), जुळे सोलापूर, सोलापूर.

विषय: दरमहा एकत्र घेतल्या जाणाऱ्या औषधांवर सवलत मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी (पूर्ण नाव), वय ७१, आपल्या दुकानामागच्या सोसायटीत राहतो. माझी आणि पत्नीची रोजची औषधे आम्ही गेली चार वर्षे आपल्याकडूनच घेतो. आतापर्यंत ती संपतील तशी, थोडी थोडी घेत आलो.

येत्या महिन्यापासून दोघांची औषधे दर महिन्याच्या १० तारखेला एकाच वेळी घ्यायचे ठरवले आहे. यादी सोबत जोडली आहे. छापील किमतीने ती सुमारे १८०० रुपयांची होते. आम्ही पूर्ण स्ट्रिपच घेऊ, यादीत काही बदल असेल तर चार दिवस आधी कळवू आणि रक्कम त्याच वेळी रोख किंवा यूपीआयने देऊ.

या एकत्र खरेदीवर छापील किमतीच्या ८ टक्के सवलत मिळावी, ही विनंती. सर्व औषधांवर सारखी सवलत देणे शक्य नसेल, तर यादीतल्या ज्या औषधांवर शक्य आहे त्यांपुढे आपण खूण करून द्यावी. ब्रँड आणि पॉवर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच असावी आणि सवलत बिलात दिसावी.

डॉक्टरांनी मध्येच औषध बदलले, तर न फोडलेल्या स्ट्रिप बिलासह किती दिवसांत परत घेता येतील, हेही कृपया सांगावे.

येत्या आठवड्यात दुपारी, आपल्या सवडीने, येऊन भेटतो.

आपला,
(सही, नाव, फोन)

सोबत: औषधांची यादी, १ पान.

या पत्रातल्या काही ओळी मुद्दाम तशा आहेत. ‘छापील किमतीच्या’ हे शब्द गाळू नका, नाहीतर सवलत कशावर मोजायची यावर पहिल्याच बिलाला वाद होतो. ‘ज्या औषधांवर शक्य आहे त्यांपुढे खूण’ या वाक्यामुळे दुकानदाराला सरळ नाही म्हणण्याऐवजी अर्धे हो म्हणायची वाट मिळते, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तेच घडते. ब्रँडची अट तर हवीच. चिठ्ठीत लिहिलेल्या अनुसूची ‘एच’ मधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाऐवजी दुसरे देण्याची मुभा औषध नियमांत दुकानदाराला नाही, मग घटक तोच असला तरी.

आजार कोणता, ऑपरेशन कधी झाले, मुलगा पुण्यात असतो, हे लिहू नका. यादीवरून फार्मासिस्टला सगळे कळते, आणि पत्र काउंटरवरच्या कोणाच्याही हाती पडू शकते. आधार कार्डाची झेरॉक्सही जोडू नका. वयाची खात्री हवी असेल तर मूळ कार्ड दाखवून परत घ्या. चिठ्ठीची झेरॉक्स द्यायला हरकत नाही, मूळ चिठ्ठी मात्र आपल्याजवळच राहू द्या.

स्त्रियांनी स्वतःच्या नावाने पत्र लिहायचे असेल तर क्रियापदे बदलायला विसरू नका: ‘राहते’, ‘भेटते’, ‘आपली’.

५. पत्र कोणाला आणि कधी द्यायचे

काउंटरवरच्या मुलाकडे पत्र देऊ नका. त्याला सवलत ठरवता येत नाही आणि पत्र पुढे जाईलच असे नाही. मालक कधी बसतात ते आधी विचारून ठेवा. महिन्याचा पहिला आठवडा टाळा, कारण तेव्हा पेन्शन झालेली असते आणि सगळेच औषधांना येतात. संध्याकाळी जवळच्या दवाखान्याची ओपीडी सुटली की उभे राहायला जागा नसते. पंधरा ते वीस तारखेच्या दरम्यान, दुपारी जा.

पत्र हातात देऊन लगेच उत्तर मागू नका. ‘यादी बघून ठेवा, दोन-तीन दिवसांनी येतो’ एवढेच म्हणा. तेवढ्यात मालक स्टॉकिस्टकडचा आपला दर आणि एखादी चालू स्कीम बघून घेतो, आणि कधी कधी एखाद्या औषधावर तुम्ही मागितल्यापेक्षा जास्त सोडतो.

टक्का मान्य झाला नाही तर दुसरी मागणी तयार ठेवा. घरपोच औषधे, तीही वेगळे पैसे न घेता, ही गुडघेदुखी असलेल्यांना पाच टक्क्यांहून मोलाची आहे. मात्र इन्सुलिन घरपोच मागवू नका. ते २ ते ८ अंशांत राहायला हवे, आणि उन्हात स्कूटरच्या डिकीत अर्धा तास गेला की ते खराब झालेले वरून कळतही नाही. ते स्वतः, बर्फाची पिशवी असलेल्या डब्यातून आणा. बर्फ थेट लागू देऊ नका, गोठलेले इन्सुलिनही फेकावेच लागते.

होकार मिळाला तर जे ठरले ते यादीच्या आपल्या प्रतीवर मालकासमोरच लिहून घ्या: टक्का, तारीख, परत घेण्याची मुदत. सही नसली तरी चालते. काउंटरवर माणूस बदलला की हा कागद कामाला येतो.

सावधान: दहा तारीख ठरवलीत तर घरात किमान पाच दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतील अशी सुरुवात करा. दिवाळीत दुकान एखादा दिवस बंद असते, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूचे दुकान गाठणे कठीण जाते, आणि एखादा ब्रँड स्टॉकिस्टकडेच नसतो.

६. पहिले बिल दुकानातच तपासा

पिशवी बांधण्याआधी चार गोष्टी बघा. बिलावरची एकेका स्ट्रिपची किंमत स्ट्रिपवर छापलेल्या किमतीएवढी आहे का. सवलत वेगळ्या ओळीत दाखवली आहे का. ब्रँड आणि त्याची शेपटी यादीप्रमाणे आहे का. मुदत किमान चार-सहा महिने पुढची आहे का.

ब्रँड बदलला असेल तर तिथेच थांबा. सवलत आठ टक्के दिसते, पण मूळच्या १८० रुपयांच्या औषधाऐवजी २४० चे दिलेले असते, असे होऊ शकते. २४० वर आठ टक्के गेले तरी २२० रुपये ८० पैसे द्यावे लागतात, म्हणजे चाळीस रुपये जास्तच. रागावण्याचे कारण नाही. ‘चिठ्ठीतलेच द्या, नसेल तर उद्या येतो’ म्हणा.

बेरीज अशी जुळायला हवी: १८०० मधून १४४ वजा, देय १६५६. पहिल्या महिन्यात ॲस्पिरिनची एक स्ट्रिप जास्त आहे, म्हणून छापील बेरीज १८०५ येईल आणि देय १६६० रुपये ६० पैसे. काही औषधांवरच सवलत ठरली असेल तर त्या ओळींचीच टक्केवारी काढा.

पेन्शनरांच्या वैद्यकीय परताव्यासाठी किंवा विम्यासाठी बिल लावायचे असेल तर दोघांची बिले वेगवेगळ्या नावाने करून घ्या आणि बिलावर डॉक्टरांचे नाव येऊ द्या. सवलत दोघांच्या एकूण रकमेवर ठरली आहे, हे तेव्हाच आठवण करून द्या, नाहीतर बिल लहान दिसते म्हणून सूट नाकारली जाते.

डॉक्टरांनी औषध बदलले की यादी त्याच दिवशी नव्याने लिहा, वर नवी तारीख टाका आणि जुनी यादी दुकानातून परत मागून फाडून टाका. दुकानात दोन याद्या राहिल्या तर पुढच्या दहा तारखेला पिशवीत जुन्या पॉवरची गोळी येते.